डेकॅथलॉनमध्ये सेकंद आणि मीटर यांची बेरीज कशी होते?

प्रश्न: डेकॅथलॉनमध्ये धावण्याची वेळ सेकंदांत असते, उडी आणि फेक मीटरमध्ये. मग दहा प्रकारांचे मिळून एकच गुण कसे काढतात? १०० मीटर १०.५५ सेकंदांत धावणे मोठे की १६ मीटर गोळा फेकणे मोठे, हे ठरवते कोण?

उत्तर:

सेकंद आणि मीटर यांची बेरीज कधीच होत नाही. प्रत्येक प्रकारातील कामगिरीचे आधी त्या प्रकाराच्या स्वतंत्र सूत्राने गुण होतात आणि बेरीज फक्त त्या गुणांची होते. ही सूत्रे जागतिक अॅथलेटिक्स महासंघाने ठरवलेली आहेत आणि पुरुषांच्या डेकॅथलॉनसाठी आज वापरात असलेली सूत्रे १९८५ पासून लागू आहेत. मी क्रीडाशिक्षक आहे आणि मैदानी स्पर्धांत गुणलेखनाच्या टेबलावर बरीच वर्षे बसलो आहे, त्यामुळे ही आकडेमोड हाताने, कॅल्क्युलेटरवर आणि संगणकावर अशा तिन्ही रीतींनी केलेली आहे.

सूत्राचे रूप दोनच प्रकारचे आहे. पहिले धावण्यासाठी, दुसरे उडी आणि फेक यांसाठी:

```
P = A * (B - T)^C
P = A * (M - B)^C
```

T म्हणजे सेकंदांतील वेळ, M म्हणजे मोजलेली उंची किंवा अंतर, आणि P म्हणजे गुण. A, B, C हे तीन आकडे दहाही प्रकारांसाठी वेगवेगळे ठरवून दिलेले आहेत आणि त्यांचा मिळून गुणांचा तक्ता होतो. धावण्यात वेळ जितकी कमी तितके चांगले, म्हणून तिथे वेळ B मधून वजा होते. उडी आणि फेकीत उलट. उत्तरातील दशांश भाग सरळ सोडून दिला जातो, तो जवळच्या पूर्णांकात बदलत नाहीत.

तुम्ही विचारलेले दोन्ही आकडे केव्हिन मेयर या फ्रेंच खेळाडूचे आहेत. त्याने सप्टेंबर २०१८ मध्ये तालाँस येथे ९१२६ गुणांचा विश्वविक्रम केला, त्यातील हे आकडे. १०० मीटरसाठी A २५.४३४७, B १८ आणि C १.८१ आहे. १८ मधून १०.५५ वजा केले की ७.४५ उरतात, ७.४५ चा १.८१ वा घात सुमारे ३७.९ येतो आणि त्याला A ने गुणले की ९६३.९ होतात. दशांश सोडल्यावर ९६३ गुण. गोळाफेकीसाठी A ५१.३९, B १.५ आणि C १.०५ आहे; १६.०० मीटरमधून १.५ वजा करून तसेच केले की ८५१ गुण येतात. म्हणजे या तक्त्याच्या मते १०.५५ ची धाव १६ मीटरच्या फेकीपेक्षा ११२ गुणांनी मोठी आहे. हे मत कसे बनते ते B आणि C यांत दडलेले आहे, आणि माझ्या मते या विषयातला खरा गाभा तोच आहे.

B म्हणजे शून्याची रेघ. १०० मीटरला १८ सेकंद लागले तर शून्य गुण, १५०० मीटरला आठ मिनिटे लागली तर शून्य, लांब उडी २.२० मीटरवर शून्य, गोळा दीड मीटरवर शून्य. या रेघा इतक्या खाली आहेत की स्पर्धेत उतरलेला खेळाडू त्यांच्या जवळपासही जात नाही, पण गुण मोजायला सुरुवात तिथूनच होते. A चे काम साधे आहे: ते सगळे आकडे एकाच मापात, हजाराच्या आसपास आणून ठेवते.

C ठरवतो की वर जाताना प्रत्येक पुढच्या पायरीचे मोल किती वाढावे. C जर एक असता तर सगळीकडे सारख्याच सुधारणेला सारखेच गुण मिळाले असते. १०० मीटरला तो १.८१ आहे, म्हणून ११.५० वरून ११.४० वर आलेल्या मुलाचे ७५३ चे ७७४ होतात, म्हणजे २१ गुण वाढतात, तेच १०.५० वरून १०.४० वर आलेल्याचे ९७५ चे ९९९ होतात, म्हणजे २४ वाढतात. वेळ दोघांचीही एक दशांश सेकंदानेच सुधारली, पण वरच्या टोकाला तोच दशांश अधिक महाग आहे आणि तक्ता ते मान्य करतो. गोळाफेकीत मात्र C जवळजवळ एकच आहे. १३, १४, १५ आणि १६ मीटरचे गुण अनुक्रमे ६६७, ७२८, ७९० आणि ८५१ येतात. प्रत्येक मीटरला ६१ किंवा ६२, म्हणजे जवळपास सरळ रेघ.

धाव आणि फेक यांत हा भेद का, याचे मला पटणारे कारण असे. हातातून सुटलेल्या गोळ्याने कापलेले अंतर ढोबळमानाने सुटतानाच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग थोडा वाढला तरी अंतर त्यापेक्षा जास्त वाढते, म्हणजे मोजपट्टीवरचा आकडाच आधी ताणलेला असतो. त्यावर पुन्हा मोठा घात चढवला तर ज्याची एखादी फेक फारच जबर आहे असा खेळाडू बाकीच्या नऊ प्रकारांतील उणीव एकट्या फेकीवर भरून काढेल. धावण्याच्या वेळेचे नेमके उलट आहे: खेळाडू जितका वेगवान, तितकी पुढची सुधारणा लहान दिसते. म्हणून तिथे घात मोठा लागतो.

आता हाच तक्ता प्रशिक्षकाच्या नजरेने पाहा. ६१ गुण मिळवायला काय करावे लागते? गोळा १५ वरून १६ मीटरवर न्यावा लागतो, किंवा १५०० मीटर ४ मिनिटे ५० सेकंदांऐवजी ४ मिनिटे ४० सेकंदांत धावावे लागते, किंवा सात मीटर लांब उडी मारणाऱ्याला सुमारे २५ सेंटिमीटर पुढे पडावे लागते, किंवा १०० मीटरची वेळ ११.०० वरून १०.७३ वर आणावी लागते. एका हंगामात यांतले काय साधेल हे त्या खेळाडूच्या शरीरावर अवलंबून आहे, आणि सरावाचे तास कुठे घालायचे हा निर्णय याच हिशेबावर होतो. अनेक तरुण खेळाडू आपल्या आवडत्या प्रकारावरच राबतात, पण १५०० मीटरमधले दहा सेकंद त्यांना सगळ्यांत स्वस्तात मिळाले असते, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

मात्र तक्ता सगळ्या प्रकारांना सारखेच कठीण मानतो असे समजू नका. एक हजार गुणांसाठी लांब उडी ७.७६ मीटर लागते आणि जगातले आघाडीचे डेकॅथलॉनपटू ती गाठतात; मेयरची ७.८० होती आणि तिला १०१० गुण मिळाले. १५०० मीटरमध्ये हजार गुणांसाठी ३ मिनिटे ५३.७९ सेकंद लागतात. नऊ प्रकार करून थकलेल्या, फेकीसाठी वजन कमावलेल्या खेळाडूच्या ते आवाक्याबाहेरचे आहे. मेयर त्या विक्रमाच्या दिवशी ४ मिनिटे ३६.११ सेकंदांत धावला आणि त्याला ७०५ गुण मिळाले. म्हणून वेगवान आणि उड्या चांगल्या असलेल्या खेळाडूला हा तक्ता मानवतो, आणि मोठी बेरीज बहुधा तिथूनच येते.

हे आकडे निसर्गाने दिलेले नाहीत, माणसांनी ठरवलेले आहेत, याचा सर्वांत ठळक पुरावा डेली थॉम्पसनच्या विक्रमात सापडतो. या ब्रिटिश खेळाडूने १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकले तेव्हा त्याचे गुण ८७९७ धरले गेले, आणि पश्चिम जर्मनीच्या युर्गेन हिंगसेनचा विश्वविक्रम होता ८७९८. एकच गुण कमी पडला. पुढे ११० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीचे अंतिम रेषेवरील छायाचित्र पुन्हा तपासले गेले आणि त्याची वेळ १४.३४ नव्हे तर १४.३३ ठरली. त्या शतांश सेकंदाने एक गुण वाढला आणि तो हिंगसेनच्या बरोबरीला आला. १९८५ च्या नव्या तक्त्याने मोजल्यावर मात्र थॉम्पसनचे ८८४७ आणि हिंगसेनचे ८८३२ झाले, म्हणजे विक्रम एकट्या थॉम्पसनचा ठरला. दोघांच्याही उड्या, फेकी आणि धावांत काही बदलले नव्हते. बदलला तो फक्त गुणांचा तक्ता.

तुम्ही स्वतः हिशेब करून पाहणार असाल तर दोन चुका हमखास होतात, आणि त्या दोन्ही मी पहिल्यांदा Excel मध्ये हा हिशेब मांडला तेव्हा केल्या होत्या. लांब उडी, उंच उडी आणि बांबू उडी या तिन्ही सेंटिमीटरमध्ये घालायच्या असतात, फेकी मात्र मीटरमध्ये. उडी ७.८० अशी लिहिली तर ७.८० मधून २२० वजा होतात, ऋण संख्येचा अपूर्णांकी घात काढता येत नाही आणि Excel मध्ये `#NUM!` दिसते. दुसरी चूक अधिक फसवी आहे. १५०० मीटरची वेळ 4:36.11 अशी टाकली तर Excel ती दिवसाचा अंश म्हणून धरते, ४८० मधून जवळजवळ काहीच वजा होत नाही आणि धावपटूला ३४३८ गुण मिळतात. मिनिटांसकट सगळी वेळ आधी सेकंदांत करून घ्यायची, म्हणजे इथे २७६.११. बरोबर सूत्रे अशी:

```
=INT(25.4347*(18-10.55)^1.81)
=INT(0.14354*(780-220)^1.4)
=INT(0.03768*(480-276.11)^1.85)
```

उत्तरे ९६३, १०१० आणि ७०५ यायला हवीत.

आणखी एक गोष्ट तालुका किंवा जिल्हा पातळीवर ध्यानात ठेवा. ही सूत्रे विद्युत घड्याळाच्या वेळेसाठी आहेत. बंदुकीचा धूर पाहून बोटाने दाबलेल्या स्टॉपवॉचची वेळ सहसा थोडी कमी येते, कारण सुरुवातीला माणसाची प्रतिक्रिया उशिरा होते. म्हणून हातघड्याळाच्या वेळेत १०० मीटर आणि ११० मीटर अडथळ्यांसाठी ०.२४ सेकंद, ४०० मीटरसाठी ०.१४ सेकंद मिळवून मगच सूत्र लावतात. १५०० मीटरला काही मिळवत नाहीत. हे विसरले गेले तर ११.५० सेकंदांच्या हातघड्याळी धावेला ७०३ ऐवजी ७५३ गुण पडतात, आणि ते पन्नास गुण त्या मुलाने कमावलेले नसतात.