बसच्या पैशांचा परतावा: नोटिशीत हिशेबच मांडा

प्रश्न: "शाळा सोडलेल्या मुलाचे बसचे पैसे परत देण्याबाबतची आमची नोटीस पालकांना कळत नाही, रोज वाद होतात. ती नव्याने कशी लिहावी?"

मी शाळेच्या कार्यालयात हिशेब बघते. आमच्या जुन्या नोटिशीत एकच ओळ होती: "वाहतूक शुल्काचा परतावा नियमानुसार देण्यात येईल." कुठला नियम, ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

एका वर्षी ऑक्टोबरात एक कुटुंब बदलीमुळे निघालं. जून ते मार्चचे १५,००० रुपये त्यांनी जूनमध्येच भरले होते, पावतीवर दरमहा १,५०० छापलेलं. आमच्या वरिष्ठांनी शुल्क 'वार्षिक' म्हणून बाराने भागलं आणि उरलेल्या पाच महिन्यांचे ६,२५० काढले. मुलीच्या आईने काउंटरवरच पावतीच्या मागे मांडलं: वापरलेले पाच महिने ७,५००, परत ६,२५०, बेरीज १३,७५०. "मॅडम, वरचे १,२५० कुठे गेले?" बरोबर होतं तिचं. एप्रिल-मेमध्ये बस उभी असते, भाडं कोणी लावत नाही, मग परताव्यातच ते दोन महिने का धरायचे? मी हे वरिष्ठांना तेव्हाच सांगितलं होतं. वापर अधिक परतावा म्हणजे भरलेली रक्कम. हे जुळलं नाही तर हिशेब चुकलाच.

मग मी नोटीस अशी लिहिली:

"बस शुल्क १५,००० रुपये, जून ते मार्च या दहा महिन्यांचे, म्हणजे दरमहा १,५००. ज्या महिन्यात मूल एक दिवसही बसने आले, तो महिना पूर्ण धरला जाईल. भरलेल्या रकमेतून वापरलेल्या महिन्यांचे पैसे वजा करून बाकी परत मिळेल. उदाहरण: १५,००० भरले, बस १४ ऑक्टोबरपर्यंत वापरली. जून ते ऑक्टोबर ५ महिने × १,५०० = ७,५००. परतावा १५,००० − ७,५०० = ७,५०० रुपये. अर्ज व पावतीची प्रत कार्यालयात द्यावी. रक्कम अर्जापासून १५ दिवसांत पालकांच्या खात्यात जमा होईल."

'भरलेल्या रकमेतून' हे शब्द गाळू नका. फक्त पहिला ७,५०० चा हप्ता भरून ऑक्टोबरात गेलेल्याला काहीच परत मिळत नाही. तोच ऑगस्टमध्ये गेला तर ४,५०० वजा होऊन ३,००० मिळतात. आणि तारीख बसच्या शेवटच्या दिवसाची धरा, दाखल्याची नको. दाखला कार्यालयात रेंगाळतो, त्याचे पैसे पालकाने का भरायचे?

वरिष्ठांचं म्हणणं होतं, एवढं उघड लिहिलं तर सगळेच पैसे मागतील. मागू देत, त्यांचेच आहेत.

तुमची बस कंत्राटदाराची असेल तर अर्ध्या महिन्याचं भाडं तो सोडतो का, ते करारात आधी बघा. तुमच्याकडे महिनाभर आधी कळवायची अट असेल तर कापायची रक्कमही उदाहरणात दाखवा. नोटीस लावण्याआधी शाळेच्या परिवहन समितीपुढे ठेवा. तिथे पालकांचे प्रतिनिधी असतात, खोट लगेच काढतात.