ऑफिसच्या लॅपटॉपवरचे माझे खाजगी व्हॉट्सॲप कंपनी वाचू शकते का?

प्रश्न: पणजीत एका हॉटेलच्या बुकिंग विभागात काम करतो. ऑफिसच्या लॅपटॉपवरचे माझे खाजगी व्हॉट्सॲप कंपनी वाचू शकते का?

उत्तर: हो, तांत्रिकदृष्ट्या वाचू शकते. व्हॉट्सॲपचे एन्क्रिप्शन संदेशाचे वाटेत रक्षण करते. पण तो पडद्यावर उमटला की ठराविक मिनिटांनी स्क्रीनशॉट घेणारे सॉफ्टवेअर तो जसाच्या तसा टिपते. आमच्या कार्यालयात एका सहकारी महिलेने आईच्या तपासणीचा रिपोर्ट उघडला होता आणि तो साहेबांच्या साप्ताहिक अहवालात आला. त्या वेळचा तिचा चेहरा मी विसरलेलो नाही.

पाहुण्यांच्या कार्डांचा तपशील बाहेर जाऊ नये, ही मालकाची काळजी रास्तच आहे, आणि 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे कलम 7 नोकरीच्या व नुकसान टाळण्याच्या कारणासाठी संमतीविना डेटा वापरण्यास वाव देते. मात्र त्यासाठी बुकिंगच्या प्रणालीतून कोणती फाइल बाहेर गेली याची नोंद पुरते. सगळा पडदा टिपणे मला अप्रतिष्ठेचे वाटते.

क्रोममध्ये chrome://management उघडून ब्राउझरवर कंपनीचे नियंत्रण आहे का ते पाहा, पण वेगळे बसवलेले सॉफ्टवेअर तिथे दिसेलच असे नाही. म्हणून काय टिपले जाते, कोण पाहते आणि किती दिवस ठेवले जाते, हे एचआरला ईमेलने विचारा. व्हॉट्सॲप मात्र आजच फोनमधील ‘लिंक केलेली डिव्हाइसेस’मधून लॉग आउट करा.