नोंदणीकृत खरेदीखताची प्रमाणित नक्कल : तिच्याने काय सिद्ध होते आणि मूळ दस्त कुठे लागतोच

प्रश्न : वडिलांनी १९९१ साली घेतलेल्या जमिनीचे नोंदणीकृत खरेदीखत आहे, पण मूळ कागद घरात कुठेच सापडत नाही. दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित नक्कल काढली आहे. विकणाऱ्याच्या वारसांनी दावा लावला असून त्यांचे वकील म्हणतात, मूळ आणा, नाहीतर नक्कल वाचताच येणार नाही. आमचे नातेवाईक म्हणतात, तीस वर्षे झाली म्हणजे दस्त आपोआप सिद्ध. खरे काय?

उत्तर : दोन्ही म्हणणी चुकीची आहेत. त्यातल्या त्यात नातेवाइकांचे म्हणणे तुम्हाला अधिक महागात पडू शकते, म्हणून त्याविषयी पुढे सविस्तर लिहितो.

आधी नक्कल न्यायालयात येते कोणत्या दाराने, ते पाहू. सातबारा, जन्मनोंद किंवा न्यायालयाचा निकाल हे मुळातच सार्वजनिक दस्तऐवज आहेत. खरेदीखत तसे नाही. ते दोन खासगी माणसांमधला कागद असते आणि नोंदणी झाल्यावर मूळ कागद पक्षकाराला परत मिळतो. दुय्यम निबंधकाकडे राहते ती पुस्तक क्रमांक १ मधील त्याची प्रत. हे पुस्तक म्हणजे खासगी दस्ताची सरकारी दप्तरात ठेवलेली नोंद असल्यामुळे ते सार्वजनिक दस्तऐवज ठरते. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ५७(५) प्रमाणे, नोंदणी अधिकाऱ्याने सही-शिक्क्यानिशी दिलेली नक्कल मूळ दस्तातील मजकूर सिद्ध करण्यासाठी ग्राह्य असते. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली अप्पैया विरुद्ध अंदीमुथु या निकालात हीच भूमिका स्पष्टपणे मांडली आहे. त्यामुळे नक्कल वाचताच येणार नाही, हे समोरच्या वकिलांचे म्हणणे टिकणारे नाही.

तरीही कलमातील शब्द नीट पाहा. नक्कल ग्राह्य आहे ती 'मजकूर' सिद्ध करण्यासाठी. मूळ कागदावर काय लिहिले होते, हा एक प्रश्न झाला. तो कागद विकणाऱ्याने खरोखर लिहून आणि सही करून दिला का, हा दुसरा. कागदात लिहिलेली गोष्ट, उदाहरणार्थ 'रक्कम रोख पोचली', प्रत्यक्षात घडली का, हा तिसरा. पहिल्याचे उत्तर नक्कल देते. उरलेली दोन उत्तरे तिच्याकडून आपोआप मिळतीलच असे नाही, आणि माझ्या पाहण्यातले बहुतेक दावे नेमके इथेच अडतात.

निव्वळ सार्वजनिक दस्तऐवजांनाही हा फरक लागू होतो. शाळेच्या नोंदवहीतील जन्मतारखेचा उतारा रीतसर हजर करता येतो. पण ती तारीख कोणी आणि कशाच्या आधारावर सांगितली, हे कोणीच सांगितले नाही, तर त्या नोंदीला पुराव्याचे वजन राहत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली बिरदमल सिंघवी प्रकरणात म्हटले. सातबाराच्या बाबतीत महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम १५७ नोंद खरी मानायला सांगते, पण विरुद्ध पुरावा येईपर्यंतच. शिवाय त्या नोंदीने मालकी मिळत नाही.

आता तीस वर्षांचा मुद्दा. तीस वर्षांहून जुना कागद योग्य ताब्यातून आला, तर त्यावरील सही आणि हस्ताक्षर खरे मानण्याची मुभा कायदा न्यायालयाला देतो. जुन्या पुरावा अधिनियमात हे कलम ९० होते, आता भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ मध्ये ते कलम ९२ आहे. मात्र हे गृहीतक न्यायालयासमोर प्रत्यक्ष ठेवलेल्या मूळ कागदासाठी आहे. कागदाचे वय, शाई, घड्या आणि तो कोणाच्या ताब्यातून आला हे पाहूनच न्यायाधीश तसे मानू शकतात. यांतले काहीच नकलेत दिसत नाही. प्रिव्ही कौन्सिलने १९३५ साली बसंत सिंह प्रकरणात आणि नंतर सर्वोच्च न्यायालयाने हरिहर प्रसाद सिंह (१९५६) व कालिदिंडी (१९६८) या निकालांत हे ठरवून टाकले आहे. तुमचे खरेदीखत १९९१ चे असल्याने तीस वर्षे केव्हाच उलटली आहेत, पण तुमच्या हातात नक्कल आहे. 'जुना दस्त आहे, साक्षीदाराची गरज नाही' असे धरून कोणालाच पिंजऱ्यात उभे केले नाही, तर लेखी युक्तिवादाच्या वेळी हातात काहीच उरणार नाही.

एका दाव्यात मी वादीच्या बाजूने काम केले होते. आजोबांनी १९६८ साली दोन एकर घेतल्याचे खरेदीखत होते आणि मूळ कागद पुरात गेला होता. प्रतिवादीने कैफियतीत लिहिले, "आमच्या वडिलांनी असा दस्त कधीही लिहून दिला नाही, त्यावरील अंगठा त्यांचा नाही." अंगठा तज्ज्ञाकडे पाठवायचा विचार निघाला तेव्हा लक्षात आले, की पाठवण्यासारखे काही नाहीच. त्या काळी नोंदणी पुस्तकात दस्त हाताने उतरवून घेत, त्यामुळे आमच्या नकलेत लिहून देणाऱ्याच्या नावापुढे फक्त 'अंगठा' हा शब्द होता, ठसा नव्हता. सही किंवा ठसा त्या माणसाचा आहे की नाही हा वाद जिथे तुलनेनेच सुटणार असेल, तिथे मूळ कागदाला पर्याय नाही.

तो दावा सावरला नोंदणीच्या शेऱ्यांमुळे. दस्त नोंदणीला येतो तेव्हा नोंदणी अधिनियमाच्या कलम ५८ नुसार निबंधक त्यावर शेरे मारतो : दस्त लिहून दिल्याचे कोणी कबूल केले, ओळख कोणी पटवली, आपल्यासमोर पैसे दिले गेले का. पुढे नोंदणीचा दाखला लिहिला जातो. कलम ६० प्रमाणे हा दाखला दस्ताची नोंदणी रीतसर झाल्याचा आणि शेऱ्यांत लिहिलेल्या गोष्टी घडल्याचा पुरावा म्हणून चालतो. कलम ६१ प्रमाणे हे शेरे आणि दाखला नोंदणी पुस्तकातही उतरवले जातात, म्हणून ते पूर्ण नकलेत येतात. आमच्या नकलेत विकणाऱ्याने कबुली दिल्याचा शेरा होता आणि ओळख पटवणाऱ्याचे नावही होते. ते गृहस्थ हयात नव्हते, पण त्यांच्या मुलाने दोन्ही घरांचा तेव्हाचा व्यवहार सांगितला, आणि १९६८ पासूनचा ताबा सातबाराच्या उताऱ्यांनी जुळवता आला. नोंदणीकृत दस्त रीतसर झाला असे प्रथमदर्शनी मानले जाते आणि तो खोटा ठरवण्याचा भार नाकारणाऱ्यावर असतो, हे तत्त्वही (प्रेम सिंह विरुद्ध बिरबल, २००६) मदतीला आले. पण केवळ त्या तत्त्वावर विसंबून आम्ही थांबलो नव्हतो.

म्हणून तुमच्याकडची नक्कल आजच तपासा. ती पुस्तक क्रमांक १ मधील संपूर्ण दस्ताची आहे, की केवळ सूची क्रमांक २ ची? लोक इंडेक्स टू लाच नक्कल समजतात. त्यात पक्षकारांची नावे, मिळकत आणि मोबदला यांचा गोषवारा असतो, दस्ताच्या अटी नसतात. शेऱ्यांची पाने आहेत का तेही पाहा. शेवटी 'खरी नक्कल' असा दाखला, तारीख, अधिकाऱ्याची सही, नाव, हुद्दा आणि कार्यालयाचा शिक्का हवा. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ७५ प्रमाणे प्रमाणित प्रत म्हणतात ती हीच. नोटरीने शिक्का मारलेली झेरॉक्स ही प्रमाणित प्रत नव्हे. कल्याण सिंह विरुद्ध छोटी (१९९०) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हाच भेद केला : मूळ नसताना नोंदणीकृत खरेदीखताची प्रमाणित नक्कल दुय्यम पुरावा म्हणून चालते, साधी प्रत चालत नाही.

याच निकालातील 'मूळ नसताना' हे शब्द मनावर घ्या. कलम ५७(५) तुमच्या बाजूने असले, तरी मूळ का आणता येत नाही हे पुराव्यात आणाच, कारण खरेदीखत मुळात खासगी कागद आहे आणि काही न्यायालये हा पाया मागतात. मूळ कागद कुठे ठेवला जात असे, शेवटचा कोणी पाहिला, कुठे कुठे शोधला, बँकेत गहाण होता का, हे सरतपासाच्या शपथपत्रात तपशिलाने लिहा. 'गहाळ झाला' हे एक वाक्य उलटतपासात टिकत नाही. तो भावाकडे किंवा समोरच्या पक्षाकडे असण्याची शक्यता असेल, तर आधी हजर करण्याची नोटीस द्या. नव्या कायद्यात ती कलम ६४ मध्ये आहे. दावा १ जुलै २०२४ पूर्वीपासून प्रलंबित असेल, तर त्याला जुना पुरावा अधिनियमच लागू राहतो. तेव्हा अर्जात त्याचीच कलमे लिहा.

मूळ लागतेच अशी आणखी एक जागा मृत्युपत्राची आहे. प्रोबेटच्या अर्जाला मूळ मृत्युपत्र जोडावे लागते. मृत्यूनंतर ते हरवले किंवा मृत्युपत्र करणाऱ्याच्या कृतीविना नष्ट झाले आणि प्रत शिल्लक असली, तरच भारतीय उत्तराधिकार अधिनियमाचे कलम २३७ प्रतीवर प्रोबेट देऊ देते. ते नोंदलेले असले, तरी साक्षांकित करणारा साक्षीदार हयात आणि उपलब्ध असल्यास त्याला तपासावेच लागते. खरेदीखताला कायद्याने साक्षांकन लागत नाही, त्यामुळे तुम्हाला ही अडचण नाही.

सरकारी दप्तरातील मूळ पुस्तक न्यायालयात मागवता येते, पण ते सहज होत नाही. त्यासाठी अर्जासोबत शपथपत्र द्यावे लागते. त्यात दप्तराचा दाव्याशी काय संबंध आहे, आणि प्रमाणित प्रत वाजवी वेळात व खर्चात मिळू शकत नाही किंवा मूळच पाहणे का गरजेचे आहे, हे सांगावे लागते. नकलेत खाडाखोड आहे, पाने कमी आहेत किंवा पुस्तकातच मागाहून बदल झाल्याचा आरोप आहे, अशा वेळी हा अर्ज करावा.

शेवटचा मुद्दा वेळेचा. नकलेला निशाणी क्रमांक पडताना समोरच्याने 'पाया न घालता दुय्यम पुरावा आणला' अशी हरकत घेतली नाही, तर पुरावा देण्याच्या पद्धतीविषयीची ती हरकत नंतर घेता येत नाही. कागद मुळातच अग्राह्य असल्याची हरकत मात्र पुढेही, अपिलातसुद्धा, घेता येते. हा भेद सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली व्यंकटाचल गौंडर प्रकरणात स्पष्ट केला. हरकत आली तर ती त्याच दिवशी नोंदवून घ्यायला आणि तिच्यावर आदेश करायला तुमच्या वकिलांना सांगा, म्हणजे उणीव भरून काढायला साक्षीची वेळ अजून हातात असेल.