‘मार्गी लावला’चा अर्थ आपण लावायचा नाही

प्रिय ताई,

अमळनेरच्या सभेचा तुझा सारांश आणि सोबतचं रेकॉर्डिंग दोन्ही मिळालं. आधी रेकॉर्डिंग ऐकलं, मग सारांश वाचला. भाषण गुळगुळीत होतं आणि सारांश मात्र ठणठणीत झालाय, तेवढ्यासाठी हे पत्र.

उमेदवार म्हणाले, ‘पाडळसेच्या निधीचा प्रश्न मार्गी लावला आहे, पाणी लवकरच तुमच्या बांधावर येईल.’ तुझ्या सारांशात त्याचं झालंय, ‘पाडळसे प्रकल्पाला निधी मंजूर, धरण लवकरच पूर्ण होणार.’ भोंगळ वाक्य नेमकं करायचा तुझा हेतू मला कळतो. पण नेमकेपणा बोललेल्या गोष्टीबद्दल हवा, धरणाबद्दल नव्हे. धरणाची खरी स्थिती काय, ही वेगळी बातमी आहे. ती जरूर कर, पण सारांशात घुसवू नकोस.

‘मंजूर’ हा शब्द कुठून आला ते पाहू. पाटबंधारे प्रकल्पाचा पैसा अनेक पायऱ्यांनी येतो. आधी प्रशासकीय मान्यता मिळते. खर्च वाढला की सुधारित प्रशासकीय मान्यता घ्यावी लागते, तिलाच जलसंपदा खात्यात ‘सुप्रमा’ म्हणतात. मग अर्थसंकल्पात तरतूद होते, आणि तरतूद झाली तरी पैसा प्रत्यक्ष वितरित व्हायचा राहिलेला असू शकतो. पाडळशासारख्या वर्षानुवर्षं रखडलेल्या प्रकल्पाच्या बाबतीत या पायऱ्यांमधलं अंतर अमळनेरचा शेतकरी आपल्यापेक्षा चांगलं ओळखतो. उमेदवारांचं ‘मार्गी लावला’ यांपैकी कोणत्याही पायरीला लागू पडतं, एखादं निवेदन दिलं असेल तरीही पडतं. तू ‘मंजूर’ लिहिलंस तेव्हा त्यांच्या वतीने एक पायरी निवडलीस. उद्या कोणी विचारलं तर ते हात झटकतील, ‘मी असं म्हणालोच नव्हतो.’ आणि त्यांचं म्हणणं खरं असेल.

दुसऱ्या अर्ध्यातही तसंच झालंय. ते पाण्याबद्दल बोलले, धरण पूर्ण होण्याबद्दल नाही. उपसा योजनेनं थोडं पाणी आधी उचलता येईल असं त्यांच्या मनात असेल किंवा नसेल, ते त्यांनी सांगितलेलं नाही. त्यात वाक्य कोणाचं हेच गेलं. ‘होणार’ म्हणून थांबलीस की ते भाकीत आपलं ठरतं. मी असं लिहीन:

‘पाडळसे प्रकल्पाच्या निधीचा प्रश्न मार्गी लावला असून पाणी लवकरच शेतकऱ्यांच्या बांधावर येईल, असे ते म्हणाले.’

हे वाचायला मिळमिळीत वाटेल. वाटू दे, भाषणच मिळमिळीत होतं. त्या मिळमिळीतपणावर आपण कल्हई केली तर वाचकाला वाटेल काहीतरी ठोस मिळालं.

‘लवकरच’ला एकट्याला अवतरणात टाकायचा मोह होईल. टाकू नकोस. एका शब्दाभोवती अवतरणचिन्हं आली की ती टोमण्यासारखी वाचली जातात. अवतरण द्यायचं तर पूर्ण वाक्याचं दे, नाहीतर ‘असे ते म्हणाले’ पुरेसं आहे. क्रियापदही साधं ठेव. ‘ग्वाही दिली’ म्हटलं की शब्दाला वजन चढतं, ‘दावा केला’ म्हटलं की संशय चढतो आणि ‘घोषणा केली’ म्हटलं की निर्णय झाल्यासारखं वाटतं. तू एकाच सारांशात तिन्ही वापरलेत, बहुधा ‘म्हणाले’ पुन्हा पुन्हा येतंय म्हणून. येऊ दे.

मुदत सांगितली नाही, हे लिहावं का? लिहावं, पण भाषण सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकलं असेल तरच. तुझं रेकॉर्डिंग स्वागत-सत्कारानंतर मध्येच सुरू होतं, म्हणून या वेळी नको. शिवाय एका पक्षाच्या वक्त्याबाबत लिहिलं तर दुसऱ्याच्या सभेतही तोच निकष लावावा लागतो. आणि लिहिशील तेव्हा ‘मात्र मुदत सांगितली नाही’ असं नको. त्या ‘मात्र’मध्ये आपण बोट दाखवतो.

कापसाचं वाक्य जास्त गंभीर आहे. ते ‘रास्त भाव मिळवून देऊ’ म्हणाले, तू ‘हमीभाव देणार’ लिहिलंस. बोलताना सगळेच हमीभाव म्हणतात, पण त्याला ठरलेला अर्थ आहे: केंद्र सरकार हंगामासाठी जाहीर करतं तो भाव. कापसाला तो आहेच, सीसीआय म्हणजे भारतीय कापूस महामंडळाची हमीभावाची खरेदीही त्याच भावाने होते. म्हणजे तुझ्या वाक्याप्रमाणे उमेदवारांनी आधीच असलेली गोष्ट देऊ केली. रावेरच्या सभेत हीच चूक केळीबाबत झाली असती तर उलटं झालं असतं, कारण केळी हमीभावाच्या यादीतच नाही आणि एका शब्दाने आपण नवं धोरण जाहीर केलं असतं. रास्त भाव म्हणाले तर रास्त भावच लिही.

‘सातबारा कोरा करू’चं तू ‘दोन लाखांपर्यंत संपूर्ण कर्जमाफी’ केलंस. दोन लाख आले 2019च्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेतून. त्याआधी 2017च्या योजनेत मर्यादा दीड लाखाची होती. दोन्ही वेळा भाषणांत सातबारा कोराच होत होता. या वेळी किती, कोणतं कर्ज, कोणत्या तारखेपर्यंतचं थकीत, यातलं काहीही रेकॉर्डिंगमध्ये नाही. शिवाय ‘दोन लाखांपर्यंत’ आणि ‘संपूर्ण’ एकमेकांशेजारी नांदत नाहीत. त्यांचेच शब्द ठेव.

आता मला सगळ्यात आवडलेली गडबड. शेवटी ते अहिराणीत आले आणि टेक्सटाईल पार्कबद्दल ‘आपन देखसूत’ म्हणाले. टाळ्या पडल्या. तू लिहिलंस, ‘टेक्सटाईल पार्क उभारण्याचे सरकारचे आश्वासन.’ अगं, देखसूत म्हणजे बघू! घरात कोणी ‘देखसूत’ म्हटलं तर तू ते काम झालं असं धरतेस का? आणि ‘आपन’मध्ये सरकार आहे, पक्ष आहे की समोर बसलेली माणसंही, हे त्यांनी मोकळं सोडलंय. मराठीत कर्ता न लिहिताही वाक्य उभं राहतं, त्याचा फायदा घे: ‘केंद्राने साथ दिली तर टेक्सटाईल पार्कबाबत बघू, असे ते म्हणाले.’ बातमी म्हणून त्यात दम नाही असं वाटलं तर वाक्य गाळ. दम भरू नकोस.

गाळतानाही एक जप. पार्कच्या आधी ते ‘केंद्राने साथ दिली तर’ असं म्हणालेत, रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट आहे. जागा कमी म्हणून अशी ‘तर’ची अट पहिली कापली जाते आणि वचन आपोआप पक्कं होतं. अट आणि वचन एकत्र ठेव, नाहीतर दोन्ही एकत्र काढ.

तपासायची माझी पद्धत कंटाळवाणी आहे. सारांशातल्या प्रत्येक आकड्यासमोर, मुदतीसमोर, कर्त्यासमोर समासात रेकॉर्डिंगचा मिनिट-सेकंद लिहायचा. ज्याच्यासमोर लिहिता येत नाही तो शब्द आपला आहे, तो काढायचा. तुझ्या मसुद्यात ‘मंजूर’, ‘हमीभाव’, ‘दोन लाख’ आणि ‘सरकार’ या चौघांना वेळ सापडणार नाही.

निधी कोणत्या पायरीवर आहे हे वाचकाला हवंच असेल, तर उमेदवारांना फोन करून विचार: सुप्रमा झाली का, तरतूद किती, वितरित किती. उत्तर आलं तर ‘सभेनंतर विचारले असता’ म्हणून वेगळ्या वाक्यात दे, भाषणाच्या वाक्यात मिसळू नकोस. फोन उचलला नाही तर सारांश आहे तसा जाऊ दे. दुसरा मसुदा समासातल्या वेळांसकट पाठव, आणि भाषणाच्या सुरुवातीचं रेकॉर्डिंग कोणाकडे मिळतं का तेही बघ.

तुझा,
भाऊ