दुचाकीवर रोज जाणाऱ्यांच्या संवेदनशील त्वचेसाठी मिनरल सनस्क्रीन की केमिकल?

प्रश्न: रोज स्कूटरने ऑफिसला जातो. सनस्क्रीन लावलं की घामासोबत डोळ्यांत जाऊन झोंबतं, गालही लाल होतात. मिनरल घ्यावं की केमिकल?

उत्तर: मिनरल घ्या. हेल्मेटमध्ये कपाळाला घाम सुटतो आणि सनस्क्रीन भुवयांवरून डोळ्यांत उतरतं. अ‍ॅव्होबेन्झोनसारखे केमिकल फिल्टर तिथे झोंबतात, चालत्या गाडीवर ते धोक्याचंच. मिनरलमधलं झिंक ऑक्साइड सहसा झोंबत नाही.

डबीवर झिंक ऑक्साइड, एसपीएफ ३० किंवा जास्त, सुगंधविरहित आणि 'वॉटर रेझिस्टंट' हे बघा. काही 'मिनरल' क्रीममध्ये केमिकल फिल्टरही मिसळलेले असतात, म्हणून घटकांची यादी वाचाच. सावळ्या त्वचेवर पांढरट थर दिसतो. आयर्न ऑक्साइड असलेलं टिंटेड घेतलं तर तो लपतो.

चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांच्या लांबीइतकं क्रीम दोन थरांत लावा. हेल्मेट पंधरा मिनिटांनी घाला, नाहीतर अस्तर ते पुसून काढतं. हँडलवरचे हात विसरू नका. घाम रुमालाने टिपा, घासू नका. परतताना ऊन असेल तर निघण्यापूर्वी पुन्हा लावा.

आधी चार-पाच दिवस कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा. तिथेही लाली आली, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.