पीएफ काढला, दहा टक्के कापलेही गेले. मग नोटीस कशाची?

प्रश्न : पीथमपूरच्या कारखान्यात तीन वर्षं होतो. नोकरी सोडल्यावर मे 2024 मध्ये पीएफचे 1,46,300 रुपये काढले, त्यातले 14,630 कापून उरलेले खात्यात आले. रिटर्नमध्ये फक्त पगार दाखवला आणि कापलेला कर परत मागितला. आता 139(9)ची नोटीस आली आहे. काका, मी काय चुकलो? (राजेंद्र नगर, इंदूर)

चूक एकच, पण ती पीएफ काढणारे बरेच लोक करतात. कापलेला कर तुम्ही मागितलात, पण तो ज्या रकमेवर कापला गेला ती रिटर्नमध्ये कुठेच दाखवली नाहीत. आयकर खात्याच्या संगणकाला 26AS मध्ये कलम 192A खाली पीएफची रक्कम दिसते, तुमच्या रिटर्नमध्ये दिसत नाही. म्हणून तो रिटर्नला ‘सदोष’ म्हणतो. ही दंडाची नोटीस नाही. मात्र पंधरा दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिटर्न भरलाच नव्हता असं धरलं जाऊ शकतं, म्हणून कागद कपाटात ठेवू नका. पोर्टलवर e-Proceedings मध्ये जाऊन त्याच नोटिशीला उत्तर म्हणून दुरुस्त रिटर्न चढवायचा.

आता त्यात भरायचं काय? इथे घाबरून अख्खे 1,46,300 ‘इतर उत्पन्न’ म्हणून लिहून टाकणारे मी दर हंगामात पाहतो. तसं करू नका. पाच वर्षांच्या आत काढलेल्या पीएफचे चार तुकडे असतात आणि प्रत्येकाला वेगळा न्याय आहे. पासबुक उघडून ते वेगळे करा. तुमचा मूळ पगार 20,000 होता असं तुम्ही कळवलं आहे. त्याचे 12 टक्के म्हणजे 2,400 दरमहा तुमचे. 36 महिन्यांचे 86,400. कंपनीनेही 2,400 भरले, पण त्यातले 1,250 पेन्शन फंडात गेले, पीएफमध्ये 1,150 आले, त्याचे 41,400. उरलं व्याज : तुमच्या वाट्यावर सुमारे 12,500 आणि कंपनीच्या वाट्यावर सुमारे 6,000. बेरीज बरोबर 1,46,300.

कंपनीचा वाटा आणि त्यावरचं व्याज पगार म्हणून धरलं जातं. तुमच्या वाट्यावरचं व्याज ‘इतर उत्पन्न’. आणि तुमचे स्वतःचे 86,400? ते तुमचेच पैसे, त्यांच्यावर कर नाही. फक्त ज्या वर्षी त्यांच्यावर 80Cची सवलत घेतली असेल, त्या वर्षीची सवलत मागे घेतली जाते. एखाद्या वर्षी नवी करपद्धत घेऊन 80C वापरलंच नसेल, तर त्या वर्षापुरतं मागे घ्यायला काही उरत नाही.

आता खरी गोष्ट, जी फारसं कुणी सांगत नाही. कायद्यातली गणना या रकमेवर आजच्या दराने सरसकट कर लावत नाही. कलम 111 आणि चौथ्या परिशिष्टाचा नियम 9 सांगतो, की हा फंड मान्यताप्राप्त नसता तर त्या त्या वर्षी किती कर लागला असता ते वर्षवार मोजा आणि त्या वर्षांत भरलेल्या करापेक्षा जितका जास्त निघेल तेवढाच आता भरा. तुमचा एकूण पगार महिना 30,000, म्हणजे वर्षाला 3,60,000. प्रमाणित वजावटीचे 50,000 गेले की 3,10,000. 80C काढून टाका, कंपनीचे वर्षाचे 13,800 आणि व्याजाचे काही हजार मिळवा, तरी आकडा साडेतीन लाखांच्या आतच राहतो. तेव्हा पाच लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला 87Aची सूट होती. म्हणजे त्या प्रत्येक वर्षाचा वाढीव कर शून्य.

त्यामुळे 14,630 तुम्हाला परत मागता येतात, पण रक्कम दाखवून. त्यासाठी ITR-1 पुरत नाही. ITR-2 च्या Schedule OS मध्ये कलम 111 चं वर्षवार कोष्टक आहे, त्यात प्रत्येक वर्षाचं वाढलेलं उत्पन्न आणि वाढलेला कर लिहायचा. पासबुकची पीडीएफ आणि त्या वर्षांचे रिटर्न हाताशी ठेवा. तुमच्या जागी वीस-तीस टक्क्यांच्या टप्प्यातला कुणी असता, तर हीच वर्षवार मांडणी कापलेल्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त कर दाखवते आणि फरक खिशातून जातो. दहा टक्के हा अंतिम कर नव्हे, आगाऊ कापलेला हप्ता आहे.

प्रश्न : दोन कंपन्या मिळून माझी साडेसहा वर्षं झाली. तरीही पीएफ काढताना कर कापला. पाच वर्षांनंतर कर नसतो ना? (विजय नगर, इंदूर)

नसतो, पण एक अट आहे : पहिल्या कंपनीचा पीएफ दुसरीकडे वर्ग झालेला असावा. तसं असेल तर दोन्ही नोकऱ्यांचा काळ एकत्र धरला जातो. यूएएन एकच असणं म्हणजे रक्कम वर्ग झाली असं नव्हे. एका यूएएनखाली दोन मेंबर आयडी निवांत वेगवेगळे पडून असतात. पासबुकात दुसऱ्या आयडीखाली जुनी रक्कम जमा झालेली दिसते का, ते बघा. दिसत असेल तर रिटर्नमध्ये सगळी रक्कम कलम 10(12) खाली करमुक्त दाखवा, कापलेला कर परत मागा आणि दोन्ही कंपन्यांची सेवापत्रं व वर्ग केल्याचं ॲनेक्शर ‘के’ जपून ठेवा. मधल्या काळात पहिला पीएफ काढून घेतला असेल, तर ती वर्षं हिशेबातून गेली.

प्रश्न : 15G भरला असता तर हे सगळं टळलं असतं का? (रामबाग, इंदूर)

टीडीएस टळला असता, कर नाही. 15G म्हणजे ‘या वर्षी माझ्या एकूण उत्पन्नावर कर लागणारच नाही’ असं प्रतिज्ञेवर सांगणं. ऑनलाइन अर्ज करताना सायबर कॅफेवाला विचारतो, ‘साहब, टीडीएस बचाना है?’ आणि आपण हो म्हणतो. पगार करपात्र असताना असा फॉर्म देणं म्हणजे खोटं निवेदन. बाकी, काढलेली रक्कम 50,000 पेक्षा कमी असेल तर 192Aची कपात होतच नाही, तिथे 15Gचा प्रश्नच नाही. आणि पॅन जोडलेला नसेल तर दहाऐवजी वीस टक्के कापले जातात, तेव्हा आधी ते बघा.

प्रश्न : आमचं युनिटच बंद झालं, तिसऱ्या वर्षी घरी बसलो. एचआरने सगळ्यांकडून राजीनामे लिहून घेतले. मलाही कर लागणार? (सुदामा नगर, इंदूर)

धंदा बंद झाला किंवा आकसला, आजारपणाने नोकरी गेली, किंवा कर्मचाऱ्याच्या हाताबाहेरच्या कारणाने सेवा संपली, तर पाच वर्षांची अट लागत नाही, ही रक्कम करमुक्त. कायदा तुमच्या बाजूला आहे, कागद मात्र नाही. राजीनाम्यावर ‘वैयक्तिक कारणास्तव’ लिहिलं असेल, तर उद्या अधिकारी तेच वाचणार. पीएफच्या नोंदीतही अशा वेळी बहुधा नुसतं सेवा संपली एवढंच असतं, युनिट बंद झाल्याचं नाही. म्हणून युनिट बंदीची सूचना, गेटवर लावलेल्या नोटिशीचा तारखेसह फोटो, शेवटच्या हिशेबाचा कागद, त्याच आठवड्यात सुटलेल्या सहकाऱ्यांची नावं, जे मिळेल ते आत्ताच गोळा करा. कंपनीच्या लेटरहेडवर बंदीच्या कारणाची एक ओळ मिळाली तर उत्तम. वर्षभराने तिथे विचारायला माणूस सापडत नाही, हे पीथमपूरच्या दोन अशिलांच्या बाबतीत मी अनुभवलं आहे.