भाडेकरारातून आकडे काढताना आधी तारखा काढा

भाडेकराराचा तक्ता पहिल्यांदाच करताय, तर भाड्याच्या आकड्यापासून सुरुवात करू नका. आधी दोन तारखा शोधा: ताबा कधी मिळणार आणि भाडं कधी सुरू होणार. बाकीचं सगळं त्यांवर लटकलेलं असतं.

समजा, लॉक-इन, म्हणजे करार मधेच मोडता न येण्याचा काळ, ३६ महिन्यांचा आहे, पहिले ३ महिने भाडं माफ आहे आणि लॉक-इन भाडं सुरू झाल्यापासून मोजायचा आहे. म्हणजे ताब्यापासून तुम्ही ३९ महिने अडकलात. २० महिन्यांनी जागा सोडली, तर उरलेल्या १९ महिन्यांचं भाडं द्यावं लागू शकतं. डिपॉझिट ६ महिन्यांचं असेल, तर ते वळतं होऊनही १३ महिन्यांचं देणं उरतं. जागा बदलायची की नाही, हे बहुतेक वेळा इथेच ठरतं. लॉक-इन दोघांवर आहे की फक्त भाडेकरूवर, तेही लिहून ठेवा.

नवखे नेहमी चुकतात ते भाडेवाढीत. दर ३ वर्षांनी १५ टक्के, पण कशावर? शेवटच्या भाड्यावर असेल तर १०० चे ११५ आणि मग १३२.२५, मूळ भाड्यावर असेल तर १३०.

डिपॉझिटसाठी एवढंच बघा: भाडं वाढल्यावर ते वाढवायचंय का, आणि किल्ल्या दिल्यावर लगेच परत मिळतं की हिशेब मिटल्यावर.

प्रत्येक आकड्यापुढे कलम क्रमांक लिहा, आणि पुरवणी करार मागितल्याशिवाय तक्ता पक्का करू नका. मूळ करारातला दर बरेचदा तिथेच बदललेला असतो.